पावसाळ्यातलं खाजं आणि पाकिटावरची तारीख

प्रश्न: सर, आम्ही डिचोलीला घरी खाजं करतो. जत्रेत कागदात बांधून विकायचो तेव्हा तारखेचा प्रश्नच नव्हता. आता पणजीतला एक दुकानदार 100 ग्रॅमची पाकिटं मागतो आहे आणि वर तारीख हवीच म्हणतो. शेजारची एकजण डोळे मिटून तीन महिने छापते. प्रयोगशाळेकडून सगळं करून घ्यायचं तर खर्च झेपत नाही. घरच्या घरी तपासून किती दिवस छापता येतील? आणि बेस्ट बिफोर लिहायचं की एक्स्पायरी?

उत्तर:

ताई, शेजारणीचे तीन महिने तिच्या पाकिटात खरे असतीलही. तुमचा गूळ वेगळा, तेल वेगळं, पिशवी वेगळी, त्यामुळे तुमचा आकडा तुम्हालाच काढावा लागेल. खाज्याच्या बाबतीत तो घरी काढता येतो, कारण हा पदार्थ बहुतेक वेळा आजारी पाडून नव्हे तर नाराज करून वाया जातो. बेसनाची काडी तळून कोरडी झालेली असते आणि वर गुळाचा घट्ट पाक असतो. इतक्या कमी ओलाव्यात बुरशी किंवा जंतू वाढत नाहीत. खाजं संपतं ते दोनच वाटांनी: गूळ हवेतली ओल ओढून चिकट होतो आणि आतली काडी मऊ पडते, किंवा तळणाचं तेल खवट होतं. गोव्यात पहिली वाट जवळजवळ नेहमीच आधी गाठते.

हे मी स्वतः हात पोळून शिकलो आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका बचतगटाला मीच दोन महिन्यांची तारीख सुचवली होती. फेब्रुवारीत करून पाहिलेलं खाजं एप्रिलमध्येही कुरकुरीत होतं, म्हणून. जूनमध्ये तेच खाजं त्याच पिशवीत भरलं आणि तीन आठवड्यांत दुकानातून पाकिटं परत आली. उघडून पाहिलं तर काड्यांचा एक गठ्ठा झालेला, तीळ एकीकडे आणि गूळ पिशवीला चिकटलेला. मी खाजं तपासलं होतं, पण पावसाळा तपासला नव्हता. तेव्हा आपल्याला घरात एक असा डबा हवा ज्यात बाराही महिने दमट हवा असेल, आणि किती दमट ते ठाऊक असेल.

तो डबा मिठाने होतो. घट्ट झाकणाचा, दहा-बारा लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाशी एका पसरट ताटलीत अर्धा किलो मीठ ठेवून त्यावर थोडं थोडं पाणी घाला. ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे, वर पाणी तरंगत असलं तरी चालेल, पण मिठाचे न विरघळलेले दाणे कायम दिसत राहिले पाहिजेत. वर वाट्या उपड्या ठेवून स्टीलची जाळी टेका आणि झाकण लावा. बंद डब्यातली हवा दिवसभरात 75 टक्के आर्द्रतेवर येऊन थांबते आणि आपल्याकडच्या तापमानात तिथेच राहते. हा मिठाचा स्वभावच आहे. यंत्रं तपासायलाही लोक हीच युक्ती वापरतात.

इथे एक गोव्यातली चूक सांगून ठेवतो. आगरातलं जाडं मीठ स्वस्त मिळतं म्हणून ते वापरू नका. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यांच्यामुळेच ते मीठ पावसात पाझरतं, आणि त्यांच्यामुळेच डब्यातला आकडा 75 च्या खाली येतो. पाकिटातलं साधं शुद्ध मीठ घ्या. सोबत आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर डब्यात ठेवला तर उत्तम. तो एका दिवसानंतर 72 ते 78 च्या दरम्यान काही दाखवत असेल तर डबा ठीक आहे. डबा खिडकीत किंवा गॅसजवळ नको. तापमान वर-खाली झालं की झाकणाला आतून घाम येतो आणि थेंब खाज्यावर पडतो.

दुसरी वस्तू म्हणजे सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा, 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा. किमान 200 ग्रॅम तोलणारा घ्या, म्हणजे भरलेलं पाकीट बसेल. एक लहान काचेची बाटली बाजूला ठेवा आणि दर वेळी आधी तीच तोला. तिचं वजन बदललेलं दिसलं तर त्या दिवशी काटा खोटं बोलतो आहे.

आता पहिला प्रयोग, पाकिटाशिवाय. तळून, पाकात घोळवून, पूर्ण निवलेलं ताजं खाजं 50 ग्रॅम तोलून जाळीवर सुटं ठेवा. सकाळ-संध्याकाळ तोला आणि दर वेळी दोन काड्या बाजूला असलेल्या दुसऱ्या ताटलीतल्या मोडून पाहा, चाखा, बोटाने दाबा. दुसरी ताटली याचसाठी त्याच डब्यात ठेवायची, म्हणजे तोलायच्या ताटलीतलं काही कमी होत नाही. फोंड्याजवळच्या एका गटासोबत केलेल्या प्रयोगाचे आकडे माझ्या वहीत आहेत ते देतो. सुरुवात 50.0 ग्रॅम. संध्याकाळी 50.5, काही फरक नाही. दुसऱ्या सकाळी 50.9, गुळाला बोट किंचित चिकटतं, पण काडी अजून कटकन मोडते. त्याच संध्याकाळी 51.3, दोन काड्या एकमेकींना धरून बसल्या आणि चावताना चिवटपणा आला. म्हणजे हद्द 51.0 च्या आसपास. 50 ग्रॅममागे एक ग्रॅम पाणी, 100 ग्रॅमच्या पाकिटात दोन ग्रॅम. पाकिटाला एवढीच शिल्लक असते. ती किती दिवसांत संपते, तेवढं खाज्याचं आयुष्य.

तुमचा आकडा यापेक्षा वेगळा येईल. काळसर, ओलसर गूळ वापरलात तर तो लवकर चिकटतो, कारण त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जास्त असतं आणि फ्रुक्टोजला पाण्याची फार ओढ. पाक कच्चा राहिला तर सुरुवातीलाच अर्धी शिल्लक गेलेली असते.

दुसरा प्रयोग पाकिटाचा. ज्या पिशवीत विकणार त्याच पिशवीत, विकायला भरतो तसंच खाजं भरून, तसंच सील करून किमान तीन पाकिटं डब्यात ठेवा. प्रत्येकावर क्रमांक घाला आणि दर आठवड्याला अख्खं पाकीट तोला. पाकीट उघडायचं नाही. वाढलेलं वजन म्हणजे पिशवीच्या आरपार आत गेलेली ओल.

हो, आरपार. प्लास्टिकला भोक नसलं तरी वाफ त्यातून हळूहळू जाते, आणि हे पिशवीच्या जातीवर अवलंबून असतं. त्या गटाच्या साध्या पारदर्शक पिशवीने सात दिवसांत 0.9 ग्रॅम ओल आत घेतली, म्हणजे दिवसाला सुमारे 0.13. दोन ग्रॅमची शिल्लक पंधरा दिवसांत संपते. आतून चंदेरी थर असलेल्या लॅमिनेटेड पिशवीने 28 दिवसांत 0.7 ग्रॅम घेतली, म्हणजे दिवसाला 0.025. तीच शिल्लक तिथे 80 दिवस पुरते. खाजं तेच, कढई तीच, पण पिशवी बदलली की पंधराचे 80 होतात. म्हणून तारीख पदार्थाची नसते, पदार्थ आणि पिशवी या जोडीची असते. पुड्यात सिलिका जेलची एक ग्रॅमची पुडी टाकून हे भागेल असं समजू नका, ती पाव ग्रॅमच्या आसपास ओल घेते आणि थकते.

चंदेरी पिशव्यांपैकी एक पाकीट मात्र पहिल्याच आठवड्यात 0.9 ग्रॅमने वाढलं. बाकी दोघांपेक्षा इतका फरक दिसला की समजायचं, पिशवी नव्हे, सील गळतं आहे. बादलीतल्या पाण्यात बुडवून हलकं दाबलं तर कोपऱ्यातून बुडबुडे आले. भिंगाने पाहिलं तर सीलच्या पट्टीत एक तीळ अडकला होता! खाज्यात हे होणारच, तीळ गळतात आणि भरताना पिशवीच्या तोंडाला चिकटतात. तेव्हापासून त्या बायका पिशवीचं तोंड बाहेर दुमडून, नरसाळ्याने भरतात, आणि सील करण्याआधी कोरड्या फडक्याने आतली कड पुसतात. असं गळकं पाकीट हिशोबातून वगळायचं, पण विसरायचं नाही. तीनात एक गळत असेल तर तारीख छापायची वेळ अजून आलेली नाही.

आता 80 दिवस म्हणजे पावणेतीन महिने, मग शेजारीण बरोबरच की! थांबा, अजून दोन वजावटी आहेत.

पहिली पावसाची. आपल्या डब्यात 75 टक्के आर्द्रता आहे, पण जुलैत पणजीच्या दुकानात, दार उघडं असलेल्या, 85 ते 90 असते. ताज्या खाज्याची स्वतःची पातळी त्याच मापात साधारण 40 धरा. ओल आत ढकलणारा जोर या दोन आकड्यांच्या फरकावर ठरतो. डब्यात तो 75 वजा 40, म्हणजे 35. पावसात 90 वजा 40, म्हणजे 50. तेव्हा डब्यात आलेल्या दिवसांना 35 भागिले 50, म्हणजे 0.7 ने गुणायचं. 80 चे 56 झाले. हा अंदाज आहे, पण तो सावध बाजूने चुकतो, कारण आतलं खाजं दमट होत गेलं की फरक कमी होतो आणि ओल जायचा वेग मंदावतो.

दुसरी वजावट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. खाजं निवायला पसरतात आणि पाकिटं भरायला घेतात संध्याकाळी, घरचं सगळं आवरून. तेवढ्यात काय होतं ते पाहायचं तर नुकत्याच निवलेल्या खाज्याची 100 ग्रॅमची ताटली तोलून तिथेच बाकीच्यांसोबत ठेवा आणि भरायच्या वेळी पुन्हा तोला. त्या गटात जुलैच्या दिवशी हा फरक 0.6 ग्रॅम आला. म्हणजे पाकीट बंद व्हायच्या आधीच दोनपैकी 0.6 खर्च. उरले 1.4, त्याला 0.025 ने भागलं की 56 दिवस, आणि पावसाची 0.7 लावली की 39. पंख्याखाली निवल्याबरोबर स्टीलच्या डब्यात झाकून ठेवायला लागल्यावर फरक 0.2 वर आला. उरले 1.8, त्याचे 72 दिवस, पावसात 50. फक्त झाकण लावल्याने अकरा दिवस मिळाले. उलट घाई करून कोमट खाजं भरू नका, आतल्या वाफेचे थेंब पिशवीच्या चंदेरी भिंतीवर बसतात आणि ते बाहेरून दिसतही नाहीत.

तेव्हा चिकटपणाचं घड्याळ 50 दिवसांवर वाजतं. खवटपणाचं घड्याळ वेगळं, ते काट्याने कळत नाही, नाकानेच कळतं. पहिल्या दिवशीच्या घाण्यातली दोन पाकिटं दुहेरी पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, ही तुमची ताजी खूण. बाकीची आठ-दहा पाकिटं दुकानासारख्या जागी, कपाटात. तिसाव्या दिवसापासून दर दहा दिवसांनी एक उघडायचं. फ्रीझरचं पाकीट आदल्या रात्री बाहेर काढून बंदच राहू द्या, थंड असताना फोडलं तर त्यावर दव धरतं आणि तुलनाच बिघडते.

उघडल्या उघडल्या पहिला वास घ्या, दुसऱ्या श्वासाला नाक सवयीचं होतं. सूर्यफूल किंवा सोयाबीन तेलात तळलं असेल तर जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो, खोबरेल असेल तर साबणासारखी चव. खाज्यात आलं असतं, ते हा वास झाकतं. म्हणून काडीवरचा गूळ चोखून संपवा आणि मग आतलं बेसन सावकाश चावा. खवटपणा तिथे असतो.

पण करणाऱ्या बाईला स्वतःचं खाजं खवट कधी लागत नाही, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून पाच माणसं बसवा. प्रत्येकापुढे तीन वाट्या, दोघींत ताजं आणि एकीत जुनं, किंवा उलट, आणि विचारा की वेगळी कोणती. पाचांपैकी चौघांनी बरोबर ओळखलं तर फरक खरा आहे, नशिबाने चौघे बरोबर यायची शक्यता शंभरात पाचाहून कमी असते. तिघांनी ओळखलं तर अजून काही म्हणता येत नाही. फरक खरा निघाला की पुढचा प्रश्न विचारा: हे पैसे देऊन घ्याल का? पहिल्यांदा कुणी नाही म्हटलं तो दिवस वहीत लिहा. त्या गटात तो सत्तरावा होता. तीनदा तळलेल्या तेलातलं खाजं मात्र चाळिसाव्यालाच अडलं, त्यामुळे खाज्याचं तेल वड्यांना वापरा, वड्यांचं खाज्याला नको.

हे सगळं लवकर उरकायला काहीजण पाकिटं बल्ब लावलेल्या खोक्यात 40 अंशांत ठेवतात आणि दर दहा अंशांना दुप्पट वेग धरून दिवस काढतात. कोरड्या फरसाणाला तो अंदाज चालून जातो. खाज्यात गूळ गरमीनेच मऊ होतो, तेव्हा बिघाड गरमीचा की वयाचा ते कळत नाही. दोन तेलांत कोणतं टिकाऊ हे पाहायला वापरा, तारीख काढायला नाही.

आता छापायचं. दोन घड्याळांपैकी आधी वाजणारं घ्यायचं, म्हणजे सत्तर नव्हे, 50. त्यातूनही पाचवा हिस्सा सोडा, कारण उन्हात उभी असलेली गाडी आणि दुकानदाराचा गळका माळा तुमच्या डब्यात नव्हता. उरले 40. हे किमान तीन वेगवेगळ्या दिवशी केलेल्या घाण्यांवर करून पाहा आणि सर्वांत वाईट घाण्याचा आकडा धरा, सरासरी नको. हिवाळ्यात जास्त मिळतील, पण दोन तारखांचे शिक्के सांभाळण्यापेक्षा पावसाचीच तारीख बाराही महिने ठेवा. मोजणी पाकीट भरल्यापासून नव्हे, तळल्या दिवसापासून.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं. एफएसएसएआयच्या 2020 च्या लेबलिंग नियमांत उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि एक्स्पायरी किंवा यूज बाय ही तारीख बंधनकारक आहे. बेस्ट बिफोर हे हवं तर वर जोडायचं, त्याच्या बदल्यात चालत नाही. आयुष्य तीन महिन्यांपर्यंत असेल तर दिवस, महिना, वर्ष तिन्ही लागतात. 3 जूनला तळलं तर:

उत्पादन दिनांक 03/06/26
यूज बाय 13/07/26

आणि शेजारी बॅच क्रमांक. 'उत्पादनापासून 40 दिवस' असं लिहून गिऱ्हाइकाला बोटं मोजायला लावू नका. शाई पिशवीवर बोटाने घासून पाहा, चंदेरी पिशवीवर साधी शाई तेलकट हाताने पुसली जाते. लेबल छापायला टाकण्याआधी त्याचा कच्चा नमुना बांबोळीच्या अन्न आणि औषध प्रशासनाच्या कार्यालयात दाखवून आणा.

प्रयोगशाळा पूर्ण टाळू नका, पण सगळा अभ्यास तिच्याकडून करून घ्यायची गरज नाही. चाळिसाव्या दिवशीचं एक पाकीट मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या आणि तीनच चाचण्या मागा: वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे जंतूंना वापरता येईल असं पाणी किती; पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे तेल किती खवटायला लागलं; आणि यीस्ट व मोल्ड, म्हणजे बुरशी. पहिलीचा आकडा 0.6 च्या खाली असेल तर बुरशीची चिंता मिटली. त्याच्या वर आला तर तारीख नव्हे, पाक दुरुस्त करायचा आहे.

आणि हे सगळं फक्त अशा कोरड्या पदार्थांपुरतं. तुमच्या सासूबाईंचं सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, लोणचं त्याच दुकानदाराने मागितलं तर हा डबा, ही वही, ही पाच माणसं काहीही कामाची नाहीत. तिथे घातक जंतू वास न येता, चव न बदलता वाढू शकतात. आंबटपणा सगळीकडे, सुंगटाच्या आतपर्यंत पोचून पीएच 4.6 च्या पुरेसा खाली गेला आहे का हे मीटरने आणि प्रयोगशाळेतच पाहावं लागतं. ओल्या नारळाच्या वड्यांचंही तसंच, त्यांत पाणी इतकं असतं की चार दिवसांचा प्रश्नही जिभेवर सोडू नये.

खाज्याच्या प्रत्येक घाण्यातली दोन पाकिटं मात्र घरी ठेवत जा, तारीख उलटून दोन आठवडे होईपर्यंत. दुकानदाराचा फोन आला की त्याच बॅचचं पाकीट उघडून पाहता येतं. घरचं चांगलं असेल आणि त्याचं चिकटलेलं, तर त्याच्या पाकिटाचं सील बादलीत बुडवून पाहा. आणि पिशवीवाल्याने 'तसाच माल, थोडा स्वस्त' म्हणून नवा गठ्ठा दिला, की तीन पाकिटं पुन्हा मिठाच्या डब्यात.